पतंगाच्या कागदाची आठ टोकांची चांदणी: खिडकीसाठी आणि झाडासाठी

निंबाची_सावली (जळगाव)

संक्रांत झाल्यावर आमच्या गल्लीतील दुकानदाराने पतंगाच्या कागदाचे उरलेले ताव स्वस्तात काढले, म्हणून मी पिवळा, केशरी, राणी आणि निळा अशा चार रंगांचे ताव घेऊन ठेवले आहेत. आमच्या जिन्यातील खिडकी पश्चिमेला असून तिच्या साध्या काचेवर दुपारनंतर भरपूर उजेड येतो. त्या काचेवर कागदाच्या घड्यांची अशी चांदणी लावावी, जिच्यातून उजेड आला की एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा दिसतात, असे फार दिवस मनात आहे. मी चित्रे पाहिली आहेत, पण घड्या कशा घालायच्या आणि पाकळ्या एकमेकींना कोणत्या रेघेवर चिकटवायच्या हे त्यांवरून कळत नाही. घडीकामाचा माझा अनुभव कागदाची होडी आणि विमान यांपलीकडे गेलेला नाही, तेव्हा पहिल्या पायरीपासून कोणी सांगितल्यास बरे होईल.

भरीत_आणि_भाकरी (भुसावळ)

निंबाताई, यात अवघड काही नाही. चौरस कागद मधोमध दुमडायचा, मग त्या दुमडीच्या मध्यबिंदूपासून पाच सारख्या कोनांत दुमडायचा आणि कात्रीने एकच तिरका काप द्यायचा. उलगडल्यावर पाच टोकांची चांदणी तयार होते. माझ्या मुलीने शाळेत अशा ढीगभर चांदण्या केल्या होत्या आणि आम्ही त्या दोऱ्यात ओवून दारावर लावल्या होत्या.

तापीकाठ (यावल)

भुसावळकर दादा, आपण सांगता ती कापायची चांदणी आहे. तिच्यात कागदाचा एकच थर उरतो, त्यामुळे उजेडात ती सगळीकडे एकाच छटेची दिसते. ताईंना हवी आहे ती आठ स्वतंत्र पाकळ्यांची. तिच्यात घडी घालण्यासाठी कात्री लागतच नाही, आणि छटा तयार होतात त्या केवळ थर एकमेकांवर आल्यामुळे. जर्मनीत श्टुटगार्ट येथे १९१९ मध्ये पहिली वाल्डॉर्फ शाळा निघाली. त्या परंपरेतील शाळांमध्ये हिवाळ्यात खिडक्यांवर अशा चांदण्या लावतात आणि तेथेही त्यासाठी वापरतात तो कागद पतंगाचाच, फक्त आपल्यापेक्षा किंचित कडक.

आता कृती सांगतो. १० सेंटिमीटर बाजूचे आठ चौरस घ्यावेत. चांदणीचा टोकापासून टोकापर्यंतचा आकार चौरसाच्या बाजूच्या साधारण पावणेतीन पटींहून थोडा जास्त होतो, म्हणजे १० सेंटिमीटरच्या चौरसांची चांदणी सुमारे २८ सेंटिमीटर भरते. काच लहान असेल तर साडेसात सेंटिमीटरचे चौरस घेतल्यास ती सुमारे २१ सेंटिमीटर होते. पहिल्या प्रयत्नासाठी याहून लहान जाऊ नये, कारण लहान कागदावर अर्ध्या मिलिमीटरची चूकही डोळ्यांत भरते.

चौरस खरोखर चौरस आहे का, हे पट्टीने मोजण्यापेक्षा घडीने तपासावे. एका कर्णावर दुमडला की समोरासमोरचे कोपरे आणि कडा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. कोठे कागदाची काडीएवढी पट्टी बाहेर डोकावली, तर तो तुकडा बाजूला ठेवावा. ही तपासणीची घडी वाया जात नाही, कारण पाकळीला लागणारी पहिली घडी हीच आहे.

कर्णाची घडी उलगडून कागद समोर असा ठेवावा की ती रेघ आपल्यापासून सरळ पुढे जाईल आणि एक कोपरा वर, एक खाली येईल. आता वरच्या कोपऱ्याला भिडणाऱ्या दोन्ही कडा, आधी डावी आणि मग उजवी, मधल्या रेघेवर आणून दाबाव्यात. पतंगासारखा आकार मिळतो. त्याचे वरचे टोक निमुळते, म्हणजे ४५ अंशांचे होते, आणि खालचा कोपरा मूळचा काटकोनीच राहतो. ही झाली एक पाकळी. अशा आठ कराव्यात.

एक बारकावा सांगतो. कडा मधल्या रेघेवर आणताना तिला अगदी भिडवू नयेत, केसाएवढे अंतर ठेवावे. कडा रेघ ओलांडून एकमेकींवर चढल्या, तर उजेडात पाकळीच्या मधोमध काळपट रेघ दिसते आणि ती नंतर कशानेही जात नाही.

निंबाची_सावली (जळगाव)

आप्पा, आपण सांगितल्याप्रमाणे पाकळ्या करून पाहिल्या आणि त्या झाल्याही. पण एक विचारते. आठ चौरस एकत्र कापण्यासाठी मी कागद चार पदरी करून कात्रीने कापला, तेव्हा आतले तुकडे बाहेरच्यांपेक्षा थोडे लहान आले आणि काही तर चौरसच नाहीत. हे का झाले असावे?

तापीकाठ (यावल)

कात्री कागदाला उचलून पुढे ढकलते आणि पातळ कागदाचे पदर त्या धक्क्याने एकमेकांवरून सरकतात. खाली जाड पुठ्ठा ठेवावा, लोखंडी पट्टी घट्ट दाबून धरावी आणि कटरची नवी पाती वापरून दोन पदरांपेक्षा जास्त एका वेळी कापू नयेत. पाती बोथट असेल तर पतंगाचा कागद कापला न जाता ओढला जातो आणि कडेला तंतू निघतात. मुले करणार असतील तर कापण्याचे काम मोठ्यांनीच करून ठेवावे. आणि ताई, कापताना व चिकटवताना पंखा बंद ठेवावा लागतो. जळगावात ही सूचना उन्हाळ्यात करणे धाडसाचे आहे, पण इलाज नाही.

आता चिकटवण्याविषयी सांगतो, कारण नवशिक्यांचा गोंधळ येथेच होतो.

पहिली पाकळी टेबलावर ठेवावी, घड्यांची बाजू आपल्याकडे, निमुळते टोक वर आणि काटकोनी कोपरा खाली. हा काटकोनी कोपरा म्हणजे चांदणीचा मध्य. त्या कोपऱ्यालगतच्या एकेरी कागदाच्या त्रिकोणाच्या डाव्या अर्ध्या भागावर अगदी थोडा गोंद लावावा. दुसरी पाकळी तिच्यावर अशी ठेवावी की दोघींचे काटकोनी कोपरे एकाच बिंदूवर येतील आणि दुसरीच्या काटकोनाची उजवी कड पहिलीच्या मधल्या रेघेवर बरोबर बसेल. दुसरी पाकळी आपोआप ४५ अंशांनी डावीकडे कललेली दिसेल. तिसरी याच रीतीने दुसरीवर, चौथी तिसरीवर. पुढे काही मोजावे लागत नाही, मागच्या पाकळीची मधली रेघ हीच पुढचीची खूण.

पाचवी चिकटवण्यापूर्वी थांबावे आणि तिला नुसती ठेवून पाहावे. पहिलीचे टोक, मध्यबिंदू आणि पाचवीचे टोक एका सरळ रेषेत आले पाहिजेत. पट्टी ठेवून पाहिले की लगेच कळते. येथे फरक दिसला तर तो आठव्या पाकळीपर्यंत दुप्पट होणार आहे, म्हणून चौथी आणि पाचवी थोडी सरकवून तो येथेच वाटून घ्यावा.

आठवी पाकळी सातवीच्या वर आणि पहिलीच्या खाली जाते. पहिलीची उजवी बाजू अजून मोकळी आहे, ती हलकेच उचलावी आणि आठवीची डावी बाजू तिच्याखाली सरकवावी. आठवीची डावी कड पहिलीच्या मधल्या रेघेखाली येऊन थांबली की काम जमले.

गणिताचे_सर (धुळे)

तापीकाठ आप्पांनी दिलेला तपास उत्तम आहे. त्यामागचे कारण सोपे आहे. काटकोनाचा निम्मा कोन ४५ अंश, आणि असे आठ कोन मिळून पूर्ण ३६० अंश होतात. त्यामुळे चार पाकळ्या पुढे गेलो की बरोबर अर्धे वर्तुळ संपते.

त्यात एक भर घालतो. आठ पाकळ्यांचे आठ कोपरे मध्यबिंदूशी एकत्र येत असल्यामुळे चांदणीचा मध्यभाग सर्वांत गडद दिसतो आणि टोकांकडे ती फिकी होत जाते. म्हणून विद्यार्थ्यांनी मध्यासाठी फिका रंग निवडावा असे मी सुचवीन.

तापीकाठ (यावल)

सर, कोनांचा हिशेब आपण नेमका सांगितला, पण मध्य गडद होतो हे मात्र बरोबर नाही. प्रत्येक पाकळी मध्याशी ९० अंश व्यापते, म्हणून आठ मिळून ७२० अंश होतात, म्हणजे वर्तुळाच्या बरोबर दुप्पट. अर्थात मध्याजवळ कोठेही बोट ठेवले तरी तेथे दोनच पाकळ्या असतात, आणि काटकोनी कोपऱ्याजवळ पाकळी एकेरी असते, कारण दुमडलेल्या कडा तेथपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून मध्ये केवळ दोन थरांचा फिका अष्टकोन दिसतो.

१० सेंटिमीटरच्या चौरसांची चांदणी धरू. हा फिका अष्टकोन सुमारे सव्वाआठ सेंटिमीटर रुंद असतो. त्याच्या कडांना लागून तीन थरांचे छोटे त्रिकोण येतात आणि अष्टकोन व ते त्रिकोण मिळून आत आणखी एक लहान चांदणी दिसू लागते. तिच्याभोवती चार थर येतात, कारण तेथे दोन्ही पाकळ्या दुहेरी असतात. हा सर्वांत गडद भाग. दोन टोकांच्या मधली खाच मध्यापासून सुमारे साडेसात सेंटिमीटरवर असते, गडद भाग तेथवर पोहोचतो. त्यापुढे प्रत्येक टोक सुटे होते आणि पुन्हा दोनच थर उरतात. म्हणून टोके जवळपास मध्याइतकीच उजळ दिसतात.

मध्यबिंदूवर काळा ठिपका दिसत असेल तर ती रचना नसून चूक आहे. कोपरे एका बिंदूवर न येता एकमेकांच्या पुढे सरकले की थर वाढतात आणि ठिपका दिसतो. ते मागे राहिले तर उलट मध्ये टाचणीएवढे भोक पडते आणि त्यातून ऊन सरळ डोळ्यांवर येते.

गणिताचे_सर (धुळे)

७२० अंशांचा मुद्दा मान्य. वर्गात हे दाखवायला फारच सोयीचे आहे. मग सोळा पाकळ्या घेतल्या तर मध्याशी चार थर येतील, बरोबर ना?

तापीकाठ (यावल)

हो सर, चार येतील, आणि गडद भागात त्याहून किती तरी अधिक. पतंगाचा कागद असला तरी निळ्या किंवा हिरव्या रंगात तेथून उजेड येणे जवळजवळ थांबते. सोळा पाकळ्या करायच्याच असतील तर पिवळा किंवा फिका गुलाबी घ्यावा. शिवाय साडेबावीस अंशांसाठी मधली रेघ खूण म्हणून उपयोगी पडत नाही, प्रत्येक पाकळीच्या काटकोनावर आणखी एक हलकी घडी आधीच पाडून घ्यावी लागते. पहिल्यांदा करणाऱ्याने आठच कराव्यात.

सातपुडा_पायथा (चोपडा)

कागदाबद्दल एक सुचवू इच्छितो. पतंगाचा कागद फाटतो, आणि गोंद लागला की सुरकुततो. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला बटर पेपर घ्यावा. तो अर्धपारदर्शक आहे, मजबूत आहे आणि हवा तेवढा मोठा मिळतो. रंग हवा असल्यास वरून रंगवता येईल.

तापीकाठ (यावल)

दादा, अर्धपारदर्शक आणि मजबूत हे खरे, पण केक भाजायला वापरतात त्या कागदावर काही चिकटू नये म्हणून लेप दिलेला असतो. त्यामुळे गोंदही त्याला चिकटत नाही. दोन दिवसांत पाकळ्या सुटतात, आणि त्यावर जलरंगाचे थेंब बनून घरंगळतात. स्टेशनरीच्या दुकानात नकाशे उतरवण्यासाठी मिळतो तो बटर पेपर वेगळा. तो घडी छान धरतो आणि सरावासाठी उत्तम आहे. पांढऱ्याच रंगाची चांदणी हवी असेल तर तो कायमसाठीही वापरावा, त्यात थरांच्या छटा राखाडी-पांढऱ्या अशा फार सुरेख दिसतात.

पतंगवाला_बापू (नंदुरबार)

गोंदाबद्दल मी बोलतो, कारण आमच्या घरी पतंगाचे काम आहे. पतंगाचा कागद खळीनेच चिकटवावा. मैद्याची खळ पातळ शिजवायची, त्यात मोरचुदाची चिमूट टाकली की कीड लागत नाही. गोंदकांडी आमच्याकडे कधी आली नाही आणि तिचे अडलेही नाही. निंबाताईंनी विकतच्या गोंदावर पैसे घालवू नयेत.

तापीकाठ (यावल)

बापू, पतंगाला खळ उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण पतंगात काडीभोवती कागदाची कड वळवून चिकटवतात आणि कागद काडीवर ताणलेला असतो, म्हणून सुरकुती पडत नाही. चांदणीत दोन सैल पातळ कागद एकमेकांवर येतात. खळीतील पाण्याने कागद फुगतो, वाळताना आक्रसतो आणि त्याच्या सुरकुत्या उजेडात शिरांसारख्या दिसतात. शिवाय राणी व निळा रंग पाण्याने सुटून शेजारच्या पाकळीला लागतो. मोरचूद विषारी असल्यामुळे मुलांच्या हाती ती खळ देऊ नये, हेही सांगणे आवश्यक वाटते.

पतंगवाला_बापू (नंदुरबार)

मोरचुदाबद्दल आपले म्हणणे योग्य आहे, घरात लहान मुले असतील तर ते टाकू नये आणि खळ रोज ताजी करावी. पण सुरकुतीबद्दल मला पटत नाही. खळ बोटाने न लावता कापडाच्या बोळ्याने पुसल्यासारखी लावली आणि लगेच दोन वह्यांमध्ये दाबून ठेवली, तर कागद सपाटच वाळतो. आम्ही जोडपतंगांचे दोन रंगांचे कागद असेच जोडतो, आणि तेथे काडी नसते. गोंदकांडीने चिकटवलेले आमच्या उन्हाळ्यात किती महिने टिकते ते एकदा पाहावे.

निंबाची_सावली (जळगाव)

दोन्ही रीती करून पाहिल्या. पिवळ्या कागदावर बापूंच्या पद्धतीची पातळ खळ पुसून लावली आणि जाड वहीखाली ठेवली, तेव्हा सुरकुती जवळजवळ दिसली नाही. राणी रंगाच्या चांदणीत मात्र रंग थोडा पसरला आणि शेजारच्या पाकळ्यांच्या कडा गुलाबी झाल्या. गोंदकांडीने काम स्वच्छ झाले, पण कांडी जोरात ओढली की कागदाचा कोपरा तिच्यासोबत फाटून येतो. कांडी कागदावर न ओढता गोंद आधी बोटावर घेऊन मग टेकवला तर फाटत नाही.

एक अडचण उरली आहे. चांदणी काचेवर लावल्यावर दुपारच्या उन्हात पाकळ्यांच्या घड्या हळूहळू उघडतात आणि निमुळती टोके आत वळतात.

तापीकाठ (यावल)

कोरड्या गरम हवेत कागदातला ओलावा जातो आणि घडी परत उलगडू पाहते. पाकळी तयार झाल्यावर प्रत्येक दुमडीखाली, मधल्या रेघेजवळच्या कोपऱ्याशी, गोंदाचा बारीक ठिपका देऊन ती बंद करावी. ठिपका मोठा झाला तर उजेडात डाग दिसतो, म्हणून तो टाचणीच्या डोक्याने लावावा. घडी घालतानाही नुसत्या बोटाने न दाबता नखाच्या पाठीने किंवा चमच्याच्या दांड्याने दोनदा घोटावी.

काचेवर लावताना चांदणीची घड्यांची बाजू काचेकडे ठेवावी. त्यामुळे दुमडी काचेला टेकून बंद राहतात आणि खोलीकडून गुळगुळीत बाजू दिसते. उजेडात छटा दोन्ही बाजूंनी सारख्याच दिसतात. आठही टोकांना पारदर्शक चिकटपट्टीचे तांदळाएवढे तुकडे पुरतात.

पश्चिमेच्या उन्हात राणी रंग लवकर उडतो, हे आधीच गृहीत धरावे. पिवळा आणि केशरी जास्त दिवस टिकलेले मी पाहिले आहेत, पण एप्रिल-मेच्या उन्हापुढे पतंगाच्या कागदाचा कोणताही रंग वर्षभर तसाच राहत नाही. ताव स्वस्त असल्यामुळे त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

नवापूरची_वाट (नवापूर)

धागा उशिरा वाचला. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्याकडे नाताळात घरोघर झाड सजवतात. आम्ही निंबाची वाळलेली फांदी बादलीत वाळूत रोवून तिलाच झाड करतो. त्यावर टांगायला हीच चांदणी चालेल का? माझ्या सासूबाईंचा आग्रह असा की चांदणी पाचच टोकांची हवी, कारण आमच्या चर्चवर लागते ती तशीच असते.

तापीकाठ (यावल)

ताई, दोन गोष्टी वेगळ्या करून सांगतो.

झाडासाठी पतंगाचा कागद घेऊ नये. झाडाच्या मागून उजेड येत नाही, त्यामुळे छटा दिसणार नाहीत, आणि वाऱ्याने तो गुंडाळला जातो. एका बाजूने रंगीत, दुसरीकडून पांढरा असा घोटीव कागद घ्यावा आणि चौरस ५ सेंटिमीटरचे करावेत. चांदणी सुमारे १४ सेंटिमीटरची होते. लहान फांदीसाठी साडेतीन सेंटिमीटरचे चौरस घेतल्यास ती १० सेंटिमीटरच्या आसपास येते. कागद ठेवताना रंगीत बाजू टेबलाकडे असावी. मग दुमडलेले भाग रंगीत आणि काटकोनी त्रिकोण पांढरा दिसतो, आणि आठ पाकळ्या जोडल्यावर मध्ये करवतीच्या चाकासारखी दातेरी पांढरी आकृती तयार होते. मागून ती पूर्ण रंगीत असते. टांगल्यावर चांदणी फिरत राहते आणि दोन्ही रूपे आळीपाळीने दिसतात, त्यामुळे हा कागद झाडावर अधिक शोभतो असे माझे मत आहे. दोरा मात्र टोकाला भोक पाडून न ओवता टोकाच्या दुमडीत ठेवून चिकटवावा, म्हणजे कागद फाटत नाही.

पाच टोकांसाठी प्रत्येक पाकळी ७२ अंशांनी फिरवावी लागते आणि त्या कोनाची कोणतीही रेघ या पाकळीवर नसते. कोऱ्या कागदावर कोनमापकाने एका बिंदूतून ७२-७२ अंशांवर पाच रेषा आखाव्यात. मग प्रत्येक पाकळीचा काटकोनी कोपरा त्या बिंदूवर आणि तिची मधली रेघ एकेका रेषेवर ठेवून चिकटवावी. पाकळ्या एकमेकींवर फक्त १८ अंश चढतात, त्यामुळे आठ टोकांसारखी नक्षी मिळत नाही आणि जोडही नाजूक राहतो.

गणिताचे_सर (धुळे)

मधल्या जोडासाठी मागून रुपयाच्या नाण्याएवढी त्याच कागदाची गोल चकती चिकटवावी. वर्गात आम्ही तसे केले आणि जोड पक्का राहिला.

भरीत_आणि_भाकरी (भुसावळ)

झाडासाठी माझी कापायची चांदणीही चालली असती, पाच टोकांची आहे आणि सासूबाईही खूश होतील. तरीही विचारतो, चार लांब पट्ट्या एकमेकींत अडकवून फुगीर चांदणी करतात, ती झाडासाठी चांगली नाही का? माझ्या चुलत बहिणीने पुण्याहून आणली होती.

तापीकाठ (यावल)

दादा, ती फ्रोबेलची चांदणी. बालवाडीची कल्पना रुजवणाऱ्या फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. झाडासाठी ती खरोखर सर्वांत चांगली, कारण तिला गोंद लागत नाही आणि ती कोणत्याही बाजूने भरीव दिसते. पट्टीची लांबी रुंदीच्या पंचवीस ते तीस पट असावी लागते, म्हणजे दीड सेंटिमीटर रुंद पट्टीला सुमारे ४० सेंटिमीटर लांबी. पण तिच्या टोकांच्या घड्या लिहून कळण्यासारख्या नाहीत, समोर बसूनच शिकवाव्या लागतात. आठ पाकळ्यांची आधी जमवून मग तिच्याकडे वळावे.

आणि कापायच्या चांदणीबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. जाड कागदाची करून टांगली तर सासूबाईंची अट सहज पूर्ण होते.

नवापूरची_वाट (नवापूर)

आप्पा आणि सर, घोटीव कागदाची आठ टोकांची जमली. ७२ अंशांच्या आखलेल्या कागदावर पाच टोकांचीही केली आणि मागे चकती लावली. आठवाली फांदीवर टांगली आहे. पाचवालीची टोके मात्र वजनाने पुढे झुकतात. सासूबाईंनी ती पाहिली आणि चर्चमधली बांबूच्या काड्यांवर केलेली असते, ही कागदाचीच आहे, असे म्हणून तिला खिडकीत ठेवायला सांगितले.

पतंगवाला_बापू (नंदुरबार)

ताई, पाचवालीला प्रत्येक टोकाच्या दुमडीत झाडूची एक बारीक काडी खळीने बसवा. पतंगाचा कणा आम्ही असाच धरतो. टोके झुकणार नाहीत.